उरलेली तीस माणसं

आमच्या घरात माणसं दोन, पण गेली काही वर्षं जेवायला आम्ही तिघं बसत होतो. मी, आमची ही, आणि हिच्या तोंडी सतत असलेली 'ती'. ती प्रत्यक्षात आमच्या घरी कधी आली नाही. पण भाजीत मीठ कमी पडलं तरी विषय तिच्यावर जायचा आणि जास्त पडलं तरी तिच्यावरच. तिचं घरगुती नाव आम्ही ठेवलं होतं, शहाणी. आम्ही म्हणजे हिने. मी फक्त मान हलवली. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर मान कधी हलवायची, इतपत अक्कल नवऱ्याला येतेच.

ही सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत वरिष्ठ तज्ज्ञ. कुणाच्या चाकूवरचं रक्त, कुणाच्या टोपीतला केस, कुणाच्या हातमोज्यातला घाम, यातून डीएनए काढायचा आणि तो संशयिताच्या डीएनएशी जुळतो का ते सांगायचं, हे हिचं काम. माझं चष्म्याचं दुकान आहे. म्हणजे दिवसभर मी लोकांना नीट दिसावं म्हणून खपतो, आणि घरी येऊन एकच माणूस हिच्या नजरेतून बघत बसतो.

शहाणी हिच्या हाताखाली आली तेव्हा हिनेच तिला थेंब मोजायची नळी, म्हणजे पिपेट, धरायला शिकवलं. मग परदेशातल्या प्रशिक्षणाची जागा निघाली. अर्ज दोघींनी केला, गेली शहाणी. परत आली ती नवं यंत्र, नवी पद्धत आणि नवे शब्द घेऊन. त्यानंतर विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली, तीही तिलाच मिळाली. हिच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान पोरगी हिची साहेब झाली. वर ती इतकी गोड वागायची, की भांडायलाही जागा नव्हती. केबिनमधून उठून हिच्या टेबलाशी यायची आणि म्हणायची, "मॅडम, जरा हे बघता का, तुमच्याशिवाय मला खात्री वाटत नाही." वाईट वागली असती तर आमची ही सुखाने जगली असती.

एकदा शहाणी माझ्या दुकानात चष्मा करायला आली. मी हिचा नवरा असल्याचं तिला ठाऊक नव्हतं, ते मीच सांगितलं आणि थोडी सवलत दिली. संध्याकाळी ते घरी बोलून बसलो. हात दाखवून अवलक्षण!

"सवलत दिलीत? तिला?" ही म्हणाली. "आणि फ्रेम कुठली घेतली?"

"निळसर. बारीक काड्यांची."

"शोभत असेल."

"तशी शोभत होती."

त्यानंतर चार दिवस मला घरात पाणीसुद्धा स्वतःचं स्वतः घ्यावं लागलं.

मी हसतोय खरा, पण तो हेवा हसण्यासारखा नव्हता. ही मुळात सरळ बाई. कुणाचं एक पान इकडचं तिकडं न करणारी. पण शहाणीचं नाव निघालं, की हिचा चेहरा बारीक व्हायचा, आवाज उंच व्हायचा आणि हातातलं काम तसंच राहायचं. लोक म्हणतात पोटात दुखतं. हिला खरंच दुखायचं, गोळी घ्यायची. "मी काय कमी केलं हो?" असं मला विचारायची. कमी काहीच केलं नव्हतं. दुसरीला जास्त मिळालं होतं, इतकंच.

हिच्या हातात एकच गोष्ट उरली होती. तालीम. प्रयोगशाळेतला कुणीही कोर्टात साक्षीला जायच्या आधी हिच्यासमोर बसायचा. ही वकील व्हायची, आडवेतिडवे प्रश्न विचारायची, आणि उत्तर घसरलं की टेबलावर पेन आपटायची. मग तो नीट उत्तर द्यायला शिकायचा. मोठमोठे तज्ज्ञ या तालमीला घाबरत. साहेब झाली तरी शहाणीही हिच्यासमोर बसत असे.

एका संध्याकाळी ही घरी आली ती गुणगुणत. मी चपापलो. ही गुणगुणते म्हणजे नक्की कुठे तरी काही तरी फुटलंय.

"आज शहाणीची तालीम घेतली," ही म्हणाली. "चुकली."

"मग तू पेन आपटलंस?"

"छे. मी म्हटलं, छान."

खटला गाजत होता. दागिने घडवणाऱ्या एका कारखान्यात चोरी झाली होती, आणि राखणदाराच्या डोक्यात पहार बसून तो मेला होता. पहारीच्या दांड्यावर कुणाच्या तरी हाताचा घाम सापडला. नमुना अर्धवट होता, पूर्ण डीएनए त्यातून निघालाच नाही. निघाला तेवढा पोलिसांच्या संगणकातल्या साठ्याशी ताडून पाहिला, तेव्हा एक माणूस जुळला. लिफ्ट दुरुस्त करणारा. पूर्वी कधी तरी मारामारीत पकडला गेला होता, म्हणून त्याचा नमुना साठ्यात होता. त्याच्याकडे दागिने सापडले नाहीत, त्याला तिथे कुणी पाहिलं नाही, कारखान्याशी त्याचा संबंध नाही. बायको म्हणत होती घरी झोपला होता. तो खुनी ठरला तर जन्मभर आत जाणार होता, आणि त्याच्याविरुद्ध होता तो फक्त दांड्यावरचा घाम.

"कोर्टात मजा येईल," ही म्हणाली. "बचावाचा वकील तिची चिंधी चिंधी करेल. सगळ्यांसमोर. वर्तमानपत्रवाल्यांसमोर. तुम्ही पण चला."

मी दुकान बंद ठेवून गेलो. खोटं कशाला बोलू, मला हिचा आनंदी चेहरा बघायचा होता. असला आनंद चांगला नव्हे हे कळत होतं, पण बऱ्याच दिवसांनी आला होता.

आम्ही मागच्या बाकावर बसलो. दिवस भरत आलेली एक बाई आमच्या शेजारी पोटावर हात ठेवून बसली होती. ती आरोपीची बायको, हे तो पिंजऱ्यातून सारखा तिच्याकडे बघत होता त्यावरून कळलं. शहाणी साक्षीला उभी राहिली. निळसर फ्रेम खरंच शोभत होती.

सरकारी वकील मुरलेला माणूस. हळू आवाजात, एकेक पायरी चढवत न्यायचा. नमुना कसा घेतला, कसा तपासला, सगळं विचारून झालं आणि मग म्हणाला, "हा नमुना रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाशी योगायोगाने जुळण्याची शक्यता किती?"

"लाखात एक," शहाणी म्हणाली.

"म्हणजेच, हा आरोपी निर्दोष असण्याची शक्यता लाखात एक. बरोबर?"

"बरोबर," शहाणी म्हणाली.

हिने माझा हात दाबला. डोळे चमकत होते. "आता बघा," ही पुटपुटली.

बचावाचा वकील उठला. सरकारने नेमून दिलेला, हातात एकाच वेळी चार खटल्यांचे कागद धरलेला, दमलेला गृहस्थ. त्याने विचारलं, नमुन्याच्या पाकिटावर सील कुणी लावलं? शहाणीने सांगितलं. त्याने विचारलं, प्रयोगशाळेत ते कुणाच्या ताब्यात होतं? शहाणीने सांगितलं. त्याने कपाळ पुसलं, "आणखी प्रश्न नाहीत," असं म्हणाला आणि बसला.

संपलं. न्यायाधीशांनी मान खाली घालून काही तरी लिहून घेतलं. सरकारी वकिलाने शहाणीला हलकेच नमस्कार केला. शेजारच्या बाईने आमच्या हिला विचारलं, "लाखात एक म्हणजे सुटायची आशा नाहीच का हो?" ही पदर सावरून उठली आणि चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात शहाणीचा फोटो. 'लाखात एक' असा ठळक मथळा. संचालकांनी तो कापून फलकावर लावला म्हणे. आमच्याकडे गोळ्यांची पट्टी संपली.

दोन आठवड्यांनी बातमी आली की बायकोच्या बाळंतपणासाठी लिफ्टवाल्याने जामीन मागितला होता, तो फेटाळला. आरोपी निर्दोष असण्याची शक्यता लाखात एक असल्याचं तज्ज्ञांनी शपथेवर सांगितलं आहे, असं आदेशात होतं. मी दुकानात ती बातमी वाचली. सुट्टी असल्याने ही माझ्याबरोबर होती, काचा पुसत बसली होती.

"एक सांग," मी म्हणालो. "शहाणीचं चुकलं काय? लाखात एक म्हणाली, लाखात एकच होतं ना?"

"तुम्हाला नाही कळायचं."

"चष्म्याच्या भाषेत सांग."

हिने मग समोरची एक जाड काच उचलली. "डावा डोळा उणे नऊ आणि उजवा साफ, असा नंबर समजा हजारात एकाचा असतो. चोराचा चष्मा पडला, त्याचा नंबर हा. आता तुमच्या दुकानात याच नंबरचं गिऱ्हाईक आलं. तो चोर नसण्याची शक्यता हजारात एक?"

"छे, असं कसं? शहरात तीस लाख बाप्ये असतील. हजारात एक धरलं तरी तीन हजार जणांचा तो नंबर निघेल. चोर त्यातला एक."

"मग?"

"मग माझं गिऱ्हाईक बाकी काही माहीत नसताना चोर नसण्याचीच शक्यता जास्त. तीन हजारात एखादा..." माझा आवाज मलाच ऐकू येईना. "अगं, मग त्या घामाचं?"

"तीस लाखांत लाखाला एक. म्हणजे योगायोगाने जुळणारे तीस-एक जण याच शहरात फिरतायत. आणि एक खरा. लिफ्टवाला त्या एकतीसांतला कुणीही असू शकतो. निर्दोष माणूस जुळण्याची शक्यता लाखात एक, हे बरोबर. जुळलेला माणूस निर्दोष असण्याची शक्यता लाखात एक, हे साफ चूक. वाक्य उलटलं की आकडा बदलतो. नवशिक्याला पहिल्या तालमीत मी हेच शिकवते. वकील मुद्दाम उलटवून विचारतात आणि आपण बेसावध 'बरोबर' म्हणून जातो."

"आणि हे तुला तालमीतच कळलं होतं."

"हो."

"आणि तू म्हणालीस, छान."

ही काच पुसत राहिली. मला आयुष्यात फारसा राग येत नाही. येतो तेव्हा दुकानातल्या दुकानात फिरून जिरवतो. त्या दिवशी मी ओरडलो. "तिची चिंधी व्हावी म्हणून तू एका माणसाला वेठीला धरलंस? तो आत कुजतोय! त्याची बायको तुझ्या शेजारी बसून तुला विचारत होती आणि तू मूग गिळून उठलीस!"

"मला काय माहीत वकील इतका बथ्थड निघेल!" हीही ओरडली. "तो पकडणार होता! कुणीही पकडलं असतं! चुकायचं तिने, फोटो तिचा, आणि दोष माझा?"

गिऱ्हाईक दारात होतं. ते तसंच मागे फिरलं.

मग आमच्यात अबोला. पण या अबोल्यात ही मला ऐकू येत होती, कारण स्वयंपाकघरात एकटीच बोलायची. "सांगायचं तर तिला सांगायचं. मग ती जाऊन सुधारणार. मग पुन्हा फोटो. प्रामाणिक तज्ज्ञ म्हणून मथळा." भांडं आदळायचं. "नाही तर वकिलाला सांगायचं. मग विचारणार, आधी का नाही सांगितलं." दुसरं भांडं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे तो लिफ्टवाला. आणि सांगतो, त्यातही हिचा हेवाच बोलत होता. माणूस सुटावा असं हिला वाटत होतं, पण शहाणीच्या हातून सुटू नये असंही वाटत होतं. मी हे तोंडावर म्हणालो असतो तर तिसरं भांडं माझ्यावर आलं असतं.

शेवटी ही बचावाच्या वकिलाकडे गेली. मी सोबत होतो. त्याच्या खोलीत खुर्चीवरही फायली होत्या, आम्ही उभ्याने बोललो. हिने चष्म्याचं उदाहरण दिलं. तो ऐकता ऐकता खाली बसला, फायलींवरच.

"हे मला कळायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो, हवं होतं," ही फटकन म्हणाली. बिचारा.

त्याने हिला साक्षीला बोलवण्याचा अर्ज केला. समन्स प्रयोगशाळेत पोचलं आणि तिथे भूकंप झाला. संचालक हिच्यावर ओरडले, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणाले. शहाणी ओरडली नाही. टेबलाशी येऊन फक्त म्हणाली, "मॅडम, मला आधी सांगायचं होतंत." ते हिला सगळ्यात जास्त झोंबलं.

साक्षीच्या दिवशी लिफ्टवाल्याची बायको आली नव्हती. आदल्याच दिवशी तिला दवाखान्यात नेलं होतं. पिंजऱ्यातला माणूस दाराकडे बघत होता.

बचावाच्या वकिलाने विचारलं, तसं हिने सांगितलं. शांतपणे, अगदी तालीम घ्यावी तशी. न्यायाधीश पुढे झुकले होते. त्यांनी मधेच विचारलं, "म्हणजे तुमच्या मते हा पुरावा कुचकामी?"

"नाही साहेब. पुराव्याआधी शहरातले तीस लाख पुरुष होते, पुराव्यानंतर तीस-एक उरले. हे थोडं नाही. त्याच्या घरात दागिने सापडले असते, किंवा कुणी त्याला तिथे पाहिलं असतं, तर मी म्हटलं असतं, घाम त्याचाच आहे. पण दुसरं काही नसेल, तर एकतीसांतून हाच कसा उचलायचा? तोही आम्ही उचलला नाही. साठ्यात साठ हजार माणसं आहेत, त्यांत यंत्राने शोधला. साठ हजारांत योगायोगाने कुणी तरी सापडण्याची शक्यता जवळजवळ निम्मी असते."

सरकारी वकील उलटतपासणीला उठला. त्याचा आवाज आणखी हळू झाला होता.

"विभागप्रमुखाच्या जागेसाठी तुम्ही अर्ज केला होता?"

"हो."

"ती जागा कुणाला मिळाली?"

"त्यांना."

"परदेशी प्रशिक्षण?"

"त्यांनाच."

"त्यांच्या साक्षीची तालीम कुणी घेतली?"

 ही म्हणाली, "मी."

"तिथेही त्यांनी हेच उत्तर दिलं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

  शहाणी पहिल्या बाकावर बसली होती. हिने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी म्हणाले, छान."

"छान!" वकील न्यायाधीशांकडे वळला. "साहेब, सहकाऱ्याचा मत्सर करणारी व्यक्ती त्याच्या साक्षीत खोट काढणार, हे उघड आहे. या बाईंनी खोट काढली आहे. तेव्हा ही साक्ष कशातून आली, ते निराळं सांगायला नको."

"तुम्ही पुन्हा तेच करताय," ही म्हणाली.

"काय?"

"वाक्य उलटवताय. मत्सरी माणूस खोट काढेल, हे खरं. म्हणून खोट काढणारा मत्सरी, हे त्यातून निघत नाही." मग ही थांबली. मला वाटलं झालं, जिंकली, आता बसेल. पण हिने कठडा घट्ट धरला. "पण माझ्या बाबतीत ते खरं आहे. मला त्यांचा हेवा वाटतो. रोज वाटतो. त्यांनी इथे तोंडावर आपटावं म्हणून मी तालमीत छान म्हणाले, आणि हा माणूस आत राहिला. माझ्या हेव्याची काय ती शिक्षा करा. पण साहेब, माझा हेवा वजा केला, तरी शहरातली ती तीस माणसं वजा होत नाहीत."

मी चष्मा काढून पुसायला लागलो. धंद्यातला माणूस, सवय असते.

न्यायाधीशांनी शहाणीला पुन्हा साक्षीला बोलावलं. त्यांनीच विचारलं, "आरोपी निर्दोष असण्याची शक्यता लाखात एक, हे तुमचं उत्तर आज कायम आहे?"

कुणीही म्हणालं असतं, मला तसं म्हणायचं नव्हतं, वकिलांनी प्रश्न फिरवला, मी घाईत होते. शहाणीने यातलं काही म्हटलं नाही. म्हणाली, "नाही साहेब. मी चुकले. मॅडम सांगतात ते बरोबर आहे. माझ्या चुकीमुळे यांचा जामीन गेला, त्याबद्दल मी त्यांची माफी मागते." आणि पिंजऱ्याकडे वळून तिने खरंच हात जोडले.

परतताना रिक्षात ही बाहेर बघत होती. मग म्हणाली, "ऐकलंत? मी चुकले, हे दोन शब्द तिच्या तोंडून ऐकायला मी वर्षानुवर्षं आसुसले होते. आणि म्हणाली तेही कसं! चुकण्यातसुद्धा माझ्यापुढे गेली मेली."

निकालाला मी हिला जाऊ नकोस म्हणालो. प्रयोगशाळेत चौकशी सुरू होती, तालमी काढून घेतल्या होत्या, टेबल भांडारात हलवलं होतं. कशाला पुन्हा तोंड दाखवायचं? पण ही निघाली, आणि मी मागोमाग.

लिफ्टवाला सुटला. दुर्मीळ जुळणी म्हणजे अपराधाची खात्री नव्हे, आणि दुसरा कुठलाही पुरावा सरकारला देता आला नाही, असं न्यायाधीशांनी वाचून दाखवलं. राखणदाराला मारणारा अजून मोकळाच होता, तेही ते म्हणाले. बाहेर व्हरांड्यात गर्दी झाली. लिफ्टवाल्याची बायको तान्ह्या मुलीला घेऊन उभी होती, आणि तो मुलीकडे नुसता बघत होता. तिला हात लावायचा धीर त्याला होत नव्हता. मग त्याला सहीला आत बोलावलं.

बचावाच्या वकिलाने त्या बाईला आमच्याकडे बोट करून दाखवलं. ती धावतच आली. दवाखान्यात असल्याने हिची साक्ष तिने ऐकली नव्हती. कुणी तरी मॅडम मदतीला उभ्या राहिल्या, एवढंच तिच्या कानावर होतं.

"ताई, तुमचे उपकार कसे फेडू?" असं म्हणून तिने मूल सरळ हिच्या हातात दिलं. हिने घेतलं. आम्हाला मूल नाही. हिने त्या पोरीची मान इतक्या हळुवार सावरली, की मी दुसरीकडे पाहिलं.

"तुम्ही होतात म्हणून. नाही तर कुणाला कळलं असतं?" बाई बोलत होती. "नंतर लक्षात आलं ना तुमच्या? घरी जाऊन हिशेब केलात ना?"

हो म्हणायचं, इतकं सोपं होतं. मी मनात म्हणत होतो, हो म्हण बाई, एकदा तरी हो म्हण.

"नाही," ही म्हणाली. "आधीच ठाऊक होतं. तुम्ही मला विचारलंत तेव्हाही ठाऊक होतं."

त्या बाईला कळायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा बदलला. ती भांडली नाही, शिवी दिली नाही. तिने हात पुढे केले आणि मूल परत घेतलं.

व्हरांड्याच्या टोकाला शहाणी एकटीच उभी होती, जवळ जावं की नाही अशी. बाई मुलीला घेऊन तिकडे गेली. काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. शहाणी खाली मान घालून काही तरी म्हणाली, बाईने तिचा दंड धरला, आणि मग मूल तिच्या हातात दिलं. शहाणीला ते नीट धरताही येत नव्हतं. चष्मा नाकावरून घसरत होता आणि ती रडत होती.

ही बघत उभी राहिली. मी म्हणालो, चल. ही हलली नाही. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तिला माफ केलं हो त्या बाईने."

आणि आयुष्यात पहिल्यांदा मला हिच्या हेव्याची थट्टा करावीशी वाटली नाही.